छाती १०२ सेंमी: अंगाची की शर्टाची?

मी कपड्यांच्या दुरुस्तीचं काम करते. उसवलेल्या शिवणी, लांब झालेल्या पँटी, सैल पडलेल्या कमरा हे तर रोजचंच. पण गेल्या काही वर्षांत ऑनलाइन मागवलेले आणि अंगाला न बसलेले कपडे फार यायला लागलेत. परवा एक मुलगा असाच नवाकोरा शर्ट घेऊन आला. त्याला म्हटलं, घालून दाखव. छातीवरच्या दोन बटणांच्या मधे शर्ट डोळ्यासारखा उघडत होता आणि काखेपासून बटणांकडे आडव्या चुण्या ओढल्या जात होत्या.

“काकू, मी माप बघूनच मागवला होता,” तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. त्यानं घरी टेपनं छाती मोजली होती, १०० सेंमी भरली. विक्रेत्याच्या साइझ चार्टमध्ये ‘छाती’ या रकान्यात एमपुढे १०२, एलपुढे १०८ आणि एक्सएलपुढे ११४ लिहिलं होतं. शंभराला सगळ्यात जवळचा आकडा १०२, म्हणून त्यानं एम घेतला. यात चुकलं कुठे?

मी शर्ट टेबलावर सपाट पसरला आणि काखेखालून एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत टेप धरली. ५१ सेंमी. पुढचा आणि मागचा भाग मिळून १०२. म्हणजे चार्ट अगदी खरा होता, फक्त तो आकडा शर्टाचा होता आणि मुलानं तो अंगाचा समजून वाचला होता.

ही गल्लत मी इतक्या वेळा पाहिलीय की आज ती एकदा नीट उलगडून सांगावीशी वाटते. एकदा लक्षात आली की उपाय घरातच सापडतो, आपल्या कपाटातल्या सगळ्यात आवडत्या शर्टात.

एक रकाना, तीन अर्थ

साइझ चार्टमध्ये ‘छाती’ असं लिहिलेलं असलं तरी त्या शब्दाखाली तीन वेगवेगळी मापं असू शकतात.

पहिलं, अंगाचं माप. या छातीच्या माणसासाठी हा शर्ट शिवलाय, असं विक्रेता सांगत असतो. खुद्द शर्ट किती रुंद आहे, हे त्यात कुठेच नसतं. दुसरं, कपड्याचा पूर्ण घेर. काखेखाली शर्टाला सगळीकडून वेढा घातला तर किती भरेल, ते. आणि तिसरं, कपड्याची सपाट रुंदी, म्हणजे शर्ट टेबलावर पसरून या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंतचं अंतर. ही रुंदी घेराच्या बरोबर निम्मी असते.

कोनाड्यात कपाट बसवायचं असेल तर आपण आधी विचारतो, हे माप कोनाड्याचं की कपाटाचं? दोन्हींचा आकडा एकच असेल तर कपाट आत सरकणारच नाही, हे कुणालाही कळतं. कपड्यांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारायचं आपण विसरतो, कारण चार्टवर नुसतंच ‘छाती’ लिहिलेलं असतं.

मधली मोकळीक

अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांत जो फरक ठेवतात, त्याला शिवणकामात मोकळीक म्हणता येईल. बरेच टेलर ‘लूझिंग’ म्हणतात. या लेखात कळीचा शब्द हा एवढाच.

मोकळीक लागते, कारण अंग स्थिर नसतं. खोल श्वास घेतला की छाती काही सेंटीमीटर फुगते. हात पुढे केले की पाठ रुंदावते, आणि बसलं की पोटाचा घेर वाढतो. न ताणणाऱ्या कापडाला हे सगळं सामावून घ्यायचं असतं. म्हणून नेहमीच्या वापराच्या, बटणांच्या सुती शर्टात छातीच्या घेरावर साधारण ८ ते १५ सेंमी मोकळीक असते. अंगाबरोबर बसणाऱ्या शर्टात ती ८-१० च्या आसपास असते, तर ऐसपैस शर्टात २० किंवा त्याहूनही जास्त. त्या मुलाच्या शर्टात ती भरली २ सेंमी. बटणं लागली हेच नवल.

आता आवडत्या शर्टाची गंमत बघा. तुम्हाला किती मोकळीक आवडते, हे बहुधा तुम्हाला सेंटीमीटरमध्ये सांगता येणार नाही. तुमच्या आवडत्या शर्टाला मात्र ते ठाऊक असतं. त्यात तुमचं अंग आलं, तुमची सवय आली, हात वर केल्यावर किती ओढ चालते तेही आलं. म्हणून नवीन शर्टाचं माप अंगाशी जुळवण्यापेक्षा जुन्या शर्टाशी जुळवलं की मोकळिकीचा हिशेब करावाच लागत नाही. कापडाची तुलना कापडाशी होते.

एक अट आहे. दोन्ही कपडे एका जातीचे हवेत. सुती शर्ट घ्यायचा असेल तर सुती शर्टच मोजा. टी-शर्ट मोजून शर्ट घेऊ नका, आणि शर्ट मोजून जॅकेट तर मुळीच नको. जॅकेटखाली आणखी एक कपडा असतो आणि जाड अस्तर आतली जागा खातं, त्यामुळे त्याचा बाहेरून मोजलेला आकडा शर्टाहून बराच मोठा असावा लागतो.

टेबलावर मोजताना

मोजण्याचं काम पाच मिनिटांचं आहे, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कारण साधं आहे: आपण अर्धी रुंदी मोजतो आणि मग तिची दुप्पट करतो. म्हणजे चूकही दुप्पट होते. टेबलावर एक सेंटीमीटर चुकला तर घेरात दोन चुकले. शर्टाच्या लगतच्या दोन साइझमध्ये घेराचा फरक बहुधा ४ ते ६ सेंमीच असतो, त्यातले दोन असे गेले तर निवड हमखास डळमळते.

म्हणून शर्ट गादीवर पसरू नका. गादी दबते आणि कापड तिच्याबरोबर खोलगट होतं. टेबल किंवा फरशी घ्या. शर्ट धुतलेला आणि इस्त्री केलेला असेल तर उत्तम. सगळी बटणं लावा, अगदी गळ्याचंसुद्धा. बटणं उघडी राहिली तर पुढचे दोन पल्ले एकमेकांवर किती चढायला हवेत हे कळत नाही आणि तिथेच एक-दोन सेंटीमीटर इकडचे तिकडे होतात. मग तळहातानं मधून कडांकडे चुण्या काढा. कापड ओढायचं नाही, नुसतं निवांत पडू द्यायचं. दोन्ही बाजूंच्या शिवणी अगदी कडेला आल्या पाहिजेत. एक शिवण पोटावर आणि दुसरी पाठीवर गेली असेल तर शर्ट पिळलेला आहे, पुन्हा पसरा. पाठीवर प्लीट असेल तर ती मिटलेलीच राहू द्या.

मुंढा म्हणजे बाही जिथे जोडलेली असते ती गोल शिवण. ती खाली जिथे बाजूच्या शिवणीला मिळते, तिथून साधारण अडीच सेंटीमीटर खाली टेप आडवी, सरळ धरा. काही विक्रेते मुंढ्याच्या टोकाशीच मोजतात, काही अडीच सेंटीमीटर खाली. चार्टशेजारी आकृती असेल तर बाण कुठे आहे ते बघा आणि तुमची टेपही तिथेच ठेवा. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या शर्टात या दोन जागांच्या मापांत फरक पडतो.

तीन वेळा मोजा, आणि दर वेळी शर्ट उचलून पुन्हा पसरा. ५५.२, ५५.६, ५५.५ असे आकडे आले तर तुमचा हात बसलाय. ५४ आणि ५६.५ असे आले तर तुम्ही कधी कापड ओढताय, कधी सैल सोडताय. आणि हो, टेप जुनी असेल तर एकदा लोखंडी पट्टीशी ताडून घ्या. कापडी टेपा वापरून वापरून ताणल्या जातात. माझी एक जुनी टेप पूर्ण लांबीत जवळजवळ एक सेंटीमीटरनं वाढलेली निघाली, तेव्हापासून मी दर काही महिन्यांनी ताडते.

छातीनंतर आणखी तीन मापं घ्या. खांदा, म्हणजे पाठीवरून एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या बाहीच्या शिवणीपर्यंत. बाही, खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत. आणि उंची. उंचीत एक खोच आहे. कुणी ती पाठीमागे कॉलरच्या मध्यापासून मोजतं, तर कुणी खांद्यावर कॉलर जिथे सुरू होते त्या उंच बिंदूपासून. तो बिंदू गळ्याच्या मागच्या मध्यापेक्षा वर असतो. त्यामुळे एकाच शर्टाच्या दोन उंच्या निघतात, आणि त्यांत दोन सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. इथेही आकृतीतला बाण बघूनच मोजायचं.

चार्ट कुणाचा, हे ओळखायचं कसं?

आकृती असेल तर प्रश्न मिटलाच. बाण माणसाच्या अंगाभोवती फिरत असेल तर माप अंगाचं. बाण पसरलेल्या शर्टावर आडवा असेल तर माप कपड्याचं. पण पुष्कळदा आकृतीच नसते, किंवा आकृती एका जातीची आणि आकडे दुसऱ्या जातीचे असतात. अशा वेळी आकड्यांनाच बोलतं करावं लागतं.

मोठ्या माणसाच्या शर्टाची छाती ५० ते ६० सेंटीमीटरच्या घरात असेल तर ती सपाट रुंदीच. एवढ्या घेराची प्रौढ छाती नसते. आकडा नव्वद-शंभरच्या पुढे असेल तर ते अंग असू शकतं किंवा पूर्ण घेर. मग शेजारचे रकाने बघायचे. ‘शर्टाची उंची’, ‘बाही’, ‘खालचा घेर’ असे रकाने असतील तर चार्ट बहुधा कपड्याचा आहे, कारण माणसाच्या अंगाला खालचा घेर नसतो. उलट ‘९६ ते १०१’ अशी पट्टी दिली असेल, किंवा ‘तुमची उंची’ विचारली असेल तर चार्ट अंगाचा. शर्टाची रुंदी एकच असते, ती ‘पासून-पर्यंत’ लिहीत नाहीत. माणसं मात्र एका साइझमध्ये थोड्याफार फरकानं बसतात, म्हणून त्यांच्यासाठी पट्टी लागते.

आकडे इंचात असतील तर जरा जपून. ४० हा आकडा अंगाच्या छातीचा असू शकतो आणि शर्टाच्या घेराचाही. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, तेव्हा आधी सगळं सेंटीमीटरमध्ये आणा आणि मग वरची पारख लावा.

आणि काही चार्ट सरमिसळ असतात. छाती अंगाची, उंची शर्टाची. म्हणून एका रकान्यावरून अख्ख्या चार्टाचा निकाल लावू नये. छातीचा रकाना वेगळा तपासा, उंचीचा वेगळा.

आधीच एखादी फसगत झाली असेल तर तीही खूण देते. कपड्याचा चार्ट अंगाचा समजून वाचला की कपडा घट्ट येतो, त्या मुलाचं झालं तसं. अंगाचा चार्ट कपड्याचा समजून आवडत्या शर्टाशी जुळवला की उलटं होतं, कपडा ढगळ येतो.

त्या मुलाचा हिशेब

त्याला म्हटलं, तुझा रोज घालावासा वाटणारा शर्ट घेऊन ये. दुसऱ्या दिवशी तो दोन वर्षं वापरलेला एक सुती शर्ट घेऊन आला, नव्यासारख्याच कापडाचा. टेबलावर मोजला. छाती सपाट ५५.५, म्हणजे घेर १११. खांदा ४६, उंची ७४, बाही ६३. त्याच्या १०० च्या छातीवर ११ सेंमी मोकळीक. ही त्याची आवड, आणि ती त्याला त्या दिवशी पहिल्यांदा आकड्यात कळली.

आता चार्ट. एलमध्ये छाती १०८, खांदा ४५.५, उंची ७५. एक्सएलमध्ये छाती ११४, खांदा ४७, उंची ७७. आवडता शर्ट १११, म्हणजे दोन्हींच्या बरोबर मधोमध. इथे बहुतेक जण लहान साइझ घेतात, नाहीतर सवयीचं अक्षर घेतात.

मी त्याला एक गोष्ट विचारली, हा जुना शर्ट किती वेळा धुतलास? तो हसला. शंभरदा तरी. म्हणजे या शर्टाला जेवढं आटायचं होतं तेवढं तो आटून झालाय, आणि चार्टातला शर्ट अजून पाण्यात गेलेलाच नाही. विणताना आणि रंगवताना कापड ताणलेलं असतं. पहिल्या काही धुण्यांत ते आपल्या मूळ जागी परत येतं, आणि बहुतेक कापड आडव्यापेक्षा उभं जास्त आटतं, कारण मागावर उभ्या धाग्यांना जास्त ताण असतो. कारखान्यातच आटवून घेतलेलं कापड फार कमी आटतं. पण चार्टजवळ तसं लिहिलेलं नसेल तर मी सुती शर्टाला उभ्यात ३ टक्के आणि आडव्यात १ टक्का धरून चालते.

तसा हिशेब केला तर एक्सएलचा ११४ चा घेर ११३ वर येतो आणि ७७ ची उंची ७५ च्या किंचित खाली. एलचा घेर १०७ आणि उंची ७३ च्या आत. आवडता शर्ट १११ आणि ७४. एल घेराला चार सेंटीमीटर कमी, एक्सएल दोन जास्त. मधोमध वाटणारं पारडं धुण्यानंतर एक्सएलकडे झुकलं.

तरी खांदा बघितल्याशिवाय मी हो म्हटलं नाही. ४६ ऐवजी ४७, म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा सेंटीमीटर. तेवढं डोळ्याला कळत नाही. तोच फरक तीन सेंटीमीटर असता तर मी एक्सएल घेऊ दिला नसता. घेर जास्त वाटला तर बाजूच्या शिवणी आत घेणं माझ्यासाठी अर्ध्या तासाचं काम आहे. खांदा आत घ्यायचा तर बाही उसवावी लागते, मुंढा नव्यानं कापावा लागतो आणि बाही पुन्हा बसवावी लागते. आणि घट्ट कपडा सैल करणं तर बहुधा होतच नाही. टेलरकडे शिवलेल्या कपड्यात शिवणीच्या आत माया सोडलेली असते, म्हणजे पुढे-मागे वाढवण्यापुरतं जास्तीचं कापड. तयार कपड्यात ती जेमतेम एक सेंटीमीटर असते, आणि शर्टाच्या बाजूला तर तीही दुमडून वरून शिवलेली असते. सोडायला काही उरतच नाही. त्याचा तो एम मला वाढवता आला नाही, तो याच कारणानं. तो त्यानं धाकट्या भावाला दिला.

“पण चार्ट अंगाचाच असेल तर?”

मग आवडता शर्ट निरुपयोगी होतो का? नाही, पण त्याचा आकडा थेट त्या चार्टाशी लावू नका. अंगाच्या चार्टला अंगाचंच माप द्या. टेप काखेखालून, छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, जमिनीला समांतर फिरवा. हात खाली, श्वास नेहमीसारखा. पाठीवर टेप घसरते, म्हणून दुसऱ्या कुणीतरी मोजलेलं बरं.

एवढ्यानं साइझ कळते, पण शर्ट किती मोकळा येईल हे कळत नाही, कारण मोकळीक विक्रेत्यानं ठरवलेली असते. ‘स्लिम’, ‘रेग्युलर’, ‘रिलॅक्स्ड’ हे शब्द त्याबद्दलच बोलतात, पण आकडा देत नाहीत. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारावं. ‘एल कसा बसतो?’ असं विचारलं तर ‘छान बसतो’ हेच उत्तर येतं. विचारायचं असं: “या साइझचा शर्ट बटणं लावून टेबलावर सपाट ठेवला तर काखेखाली एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत किती सेंटीमीटर भरतो?” याला एकच उत्तर असू शकतं, आणि ते आलं की आवडता शर्ट पुन्हा कामाला येतो.

“पण मी तर नेहमी एलच घेतो”

एल हे माप नाही. मीटरसारखं त्याला कुणी बांधून ठेवलेलं नाही. तसे प्रयत्न झाले होते. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची तपशीलवार मापं घेतली गेली, आणि त्यांच्या आधारानं १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांच्या साइझचं ‘सीएस २१५-५८’ नावाचं सरकारी मानक निघालं. ते पाळणं ऐच्छिक होतं. अंगं बदलत गेली, कंपन्या आपापल्या वाटेनं गेल्या, आणि १९८३ मध्ये ते मानक मागेच घेतलं गेलं. युरोपच्या ‘ईएन १३४०२’ या मानकात अक्षरापेक्षा भर लेबलवर अंगाची मापं सेंटीमीटरमध्ये लिहिण्यावर आहे. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

प्रत्येक विक्रेता आपल्या डोळ्यापुढच्या गिऱ्हाइकाप्रमाणे एल ठरवतो. त्यामुळे एकाचा एल दुसऱ्याच्या एमएवढा निघाला तर कुणी फसवलं असं होत नाही. एकाच कंपनीच्या दोन शर्टांचे एलसुद्धा वेगळे असू शकतात, कारण एक स्लिम कापलेला असतो आणि एक ऐसपैस. जुन्या ऑर्डरच्या भरवशावर नवी ऑर्डर देणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

शिवाय चार्टमध्ये अगदी कपड्याचं माप असलं तरी ते हुबेहूब मिळेलच असं नाही. कापडाचे अनेक थर एकावर एक रचून एकदम कापतात, वरचा आणि खालचा थर किंचित सरकतो, शिवणारा हात बदलतो. सपाट रुंदीत एक सेंटीमीटर इकडे-तिकडे हे सर्रास चालवून घेतलं जातं. चार्टखाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. म्हणून आवडत्या शर्टाशी अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत जुळवण्याच्या फंदात पडू नका. सपाट रुंदी एका सेंटीमीटरच्या आत जुळली की ती जुळली.

ताणणारं कापड, पसरलेला कपडा आणि पँट

होजिअरीचं कापड, म्हणजे टी-शर्टाचं, ताणलं जातं. त्यामुळे त्यात मोकळीक कमी लागते आणि अंगाला चिकटून बसणाऱ्या कपड्यात तर ती उणे असते: कपडा अंगापेक्षा लहान असतो आणि ताणून बसतो. अशा वेळी दोन आकडे सारखे असूनही दोन कपडे अगदी वेगळे बसतात, कारण एकात ताण जास्त आणि एकात कमी. आवडत्या टी-शर्टाच्या आतल्या लेबलवर कापडात काय काय आहे ते वाचा. त्यात इलास्टेन असेल आणि नव्यात नसेल, तर रुंदी जुळली म्हणून निर्धास्त राहू नका. नवा घट्ट वाटणार.

आवडता कपडा जुना होऊन पसरलेलाही असतो. टी-शर्टाचा खालचा काठ आणि गळा वापरून वापरून सैल पडतो. म्हणून टी-शर्टात छातीच्या मापावर विसंबा, खालच्या काठाच्या नाही.

पँटबद्दल थोडक्यात. पट्टा सपाट धरून, पुढची आणि मागची कड एकावर एक जुळवून कंबर मोजा आणि दुप्पट करा. लेबलवरच्या ३२ किंवा ३४ वर विश्वास ठेवू नका, पट्टा प्रत्यक्षात त्याहून दोनेक इंच मोठाही भरतो. पण पँट बसते की नाही हे मुळात कंबर ठरवत नाही, आसन ठरवतं. दोन पायांच्या शिवणी जिथे मिळतात त्या बिंदूपासून पुढून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतचं ते अंतर. त्यावरून पँट कमरेवर कुठे टेकणार हे ठरतं, आणि अंगाचा घेर वर-खाली बदलत असल्यामुळे तीच कंबर दोन सेंटीमीटर खाली टेकली तर एकदम घट्ट होते. आसनाचा रकानाच नसेल तर मी त्या चार्टावरून पँट घेत नाही.

पार्सल आल्यावर

लेबल काढायच्या आधी, घालून बघायच्याही आधी, नवा शर्ट त्याच टेबलावर पसरा आणि त्याच चार जागा मोजा. आकडा चार्टपेक्षा सपाट रुंदीत दीड-दोन सेंटीमीटर कमी आला तर विक्रेत्याला पाठवायला टेपसकट फोटो काढून ठेवा. ‘घट्ट वाटतो’ यावर वाद घालता येतो, ‘५७ लिहिलंय आणि ५५ भरतंय’ यावर नाही.

त्या मुलानं एक्सएल मागवला. आल्या आल्या तो माझ्याकडे घेऊन आला, आणि या वेळी टेप त्यानंच धरली. चार्टच्या हिशेबानं ५७ भरायला हवी होती, भरली ५६.८. तिसऱ्या धुण्यानंतर पुन्हा मोजली तेव्हा ५६.२, आणि उंची ७७ वरून ७५. दोन्ही आकडे त्यानं फोनमध्ये टिपून ठेवले, त्या विक्रेत्याच्या नावासमोर.